अशनीची काळी साल

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल आणि आसपासच्या गावांत २२ मे २०१२ रोजी दुपारी आभाळातून दगड पडले. गोळा केलेल्या तुकड्यांवर काळी साल होती, आणि तुटलेल्या जागी आतला दगड फिकट करडा दिसत होता. आगीचा लोळ होऊन आलेल्या दगडाचा गाभा असा कोरा कसा राहतो, याचे उत्तर त्या सालीतच आहे. अशनी खरा की खोटा, हेही बरेचसे तीच सांगते.

अवकाशातला दगड वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो, काहींचा याच्या कितीतरी पट. इतक्या वेगापुढे हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दगडापुढे दाबली जाते आणि हजारो अंश तापते. दगड पेटतो तो मुख्यतः या दाबलेल्या हवेमुळे. घर्षणाचा वाटा त्या मानाने लहान असतो. पृष्ठभाग वितळतो, पण वितळलेला थर लगेच वाऱ्याने उडून जातो आणि आपल्याबरोबर उष्णताही नेतो. मग खालचा थर उघडा पडतो, तोही वितळून उडतो. दगड उष्णतेचा मंद वाहक आहे आणि हा सारा प्रकार काही सेकंदांतच आटोपतो, त्यामुळे आच आत पोचतच नाही. वस्तुमानाचा मोठा भाग मात्र या वाटेवर गमावला जातो आणि हवेच्या दाबाने बहुतेक दगड वरच फुटतात. हाती येतो तो उरलेला गाभा.

जमिनीपासून साधारण २० किलोमीटरांवर वेग इतका उतरतो की वितळणे थांबते आणि उजेड विझतो. त्या क्षणी अंगावर असलेला शेवटचा वितळलेला थर गोठतो, तीच ही काळी साल. तिची जाडी सहसा एक मिलिमीटरही नसते. पुढची काही मिनिटे दगड कुठलाही प्रकाश न देता नुसता पडत असतो, ताशी काही शे किलोमीटर वेगाने. या प्रवासात तो निवतो. म्हणून नुकत्याच पडलेल्या अशनीने गवत पेटल्याच्या कहाण्यांवर विश्वास ठेवू नये.

पडताना पाहिलेल्या अशनींपैकी शेकडा नव्वदहून अधिक पाषाणी असतात. त्यांतले बहुतेक ‘कॉन्ड्राइट’, म्हणजे सूर्यमाला घडताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, गोठलेल्या वितळथेंबांचे बारीक गोल दाणे पोटात असलेले दगड. काटोलचा अशनीही कॉन्ड्राइटच, पण त्याच्या मूळ लघुग्रहात तो इतका तापला होता की दाण्यांच्या कडा पुसट झाल्या. बाकीचे पाषाणी अशनी पूर्ण वितळून घडलेल्या खगोलांचे कवच असतात. १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला दगड तर मंगळावरचा निघाला. लोह अशनी लोखंड-निकेलचे असतात. दगड व लोखंड जवळपास सारखेच मिसळलेले अशनी फारच विरळा.

महाराष्ट्रात ओळखण्याची खरी अडचण म्हणजे आपला बेसाल्ट. तोही काळा आणि जड, शिवाय त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे लोहचुंबकाला थोडासा ओढणारा. पण त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात. अशनीत अशी भोके जवळजवळ कधीच नसतात. फार तर पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. भट्टीच्या मळीतही बुडबुडे असतात, आणि तीच सर्वांत जास्त वेळा अशनी समजून घरी आणली जाते.

दुसरी कसोटी फरशीची. बिनचकाकीच्या पाठीमागच्या बाजूवर दगड घासावा. लालसर रेघ उमटली तर हेमॅटाइट, गडद काळी उमटली तर मॅग्नेटाइट. ताज्या अशनीची रेघ सहसा उमटत नाही. मग दगडाची एखादी तुटलेली बाजू पाहावी. बाहेर रंगासारखी पातळ काळी साल, आत फिकट दगड आणि त्यात लखलखणारे धातूचे कण दिसले, तर शंका घेण्यासारखी गोष्ट उरते ती थोडीच. चुंबक वापरायचाच तर दोऱ्याला टांगलेला, दुबळा वापरावा. जोरदार चुंबक लावला तर दगडाने कोट्यवधी वर्षे जपलेली चुंबकीय नोंद पुसली जाते. मंगळाच्या वा चंद्राच्या दगडात धातू नसल्यासारखाच असतो, त्यामुळे तिथे चुंबक गप्प राहिला म्हणून दगड नाकारता येत नाही.

ऊन-पावसात पडून राहिलेल्या अशनीची साल तपकिरी होते आणि कण गंजतात. तेव्हा डोळ्यांनी निकाल देता येत नाही. असा तुकडा न धुता, न घासता कोरड्या पिशवीत ठेवून, सापडल्या जागेची नोंद करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यावा. तिथे पातळ काप काढून खनिजे तपासतात आणि धातूतले निकेल मोजतात. कारखान्यातल्या साध्या लोखंडात निकेल नगण्य असते, अशनीच्या धातूत ते शेकड्याला पाच किंवा त्याहून अधिक सापडते.