एक महिना, दहा हजार वेळा

निफ्टी २४,००० वर आहे असं धरू. तीस दिवसांनी संपणारा, २४,५०० स्ट्राइकचा एक कॉल ऑप्शन समोर आहे. करार साधा आहे. शेवटच्या दिवशी निफ्टी २४,५०० च्या जितके अंक वर असेल तितके रुपये प्रत्येक युनिटमागे घेणाऱ्याला मिळतील. खाली असेल तर काहीच मिळणार नाही. निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे असतात, म्हणजे हक्क बजावायचा तो शेवटच्याच दिवशी, आणि हिशेब रोखीत मिटतो. आज या कराराचे किती रुपये द्यावेत?

सरासरीवरून उत्तर काढायला गेलं की माणूस पहिल्याच पावलाला फसतो. निफ्टी साडेसहा टक्के वार्षिक व्याजाच्या वेगाने वाढला, तर महिन्याअखेरीस तो सरासरीने २४,१२८ च्या आसपास असेल. हा आकडा २४,५०० च्या खाली आहे, म्हणून कॉलची किंमत शून्य म्हणायची का? दोनच महिने कल्पून पाहा. एकात निफ्टी २३,१०० वर संपला, दुसऱ्यात २५,१०० वर. दोन्हींची सरासरी २४,१००, पण कॉलने पहिल्यात शून्य दिले आणि दुसऱ्यात ६००. म्हणजे मिळकतीची सरासरी ३००. खाली जाण्याचं नुकसान शून्यावर थांबतं आणि वर जाण्याचा फायदा थांबत नाही, म्हणून ऑप्शनला किंमत येते ती निफ्टीच्या सरासरीतून नव्हे, तर त्याच्या विखुरण्यातून. आधी प्रत्येक महिन्याची मिळकत काढायची, मग त्यांची सरासरी. हा क्रम उलटला की उत्तर कोसळतं.

मग दोनच महिने का? दहा हजार कल्पू. हे काम संगणकाला सांगण्याच्या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. १९४६ मध्ये गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आजारपणातून उठत असताना पत्त्यांचा पेशन्स खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे कागदावर मोजणं फार किचकट होतं. त्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. लॉस अलामॉसमध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्यासह त्यांनी हीच कल्पना अणुभौतिकीच्या हिशेबांना लावली. ऑप्शनच्या किमतीसाठी ती १९७७ मध्ये फेलिम बॉयल यांनी मांडली.

आपल्या महिन्यासाठी आणखी एक आकडा लागतो: व्होलॅटिलिटी, म्हणजे भाव किती हलतो त्याचं माप. ती वर्षाला १४ टक्के धरू. विखुरणं काळाच्या वर्गमुळाने वाढतं, त्यामुळे तीस दिवसांसाठी ते सुमारे चार टक्के, म्हणजे साडेनऊशे-हजार अंक होतं. लाभांशाचा विचार बाजूला ठेवला, तर सगळा कार्यक्रम पायथॉनमध्ये इतकाच आहे:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
S, K, T, r, sigma = 24000, 24500, 30/365, 0.065, 0.14
n = 10_000
z = rng.standard_normal(n)
ST = S * np.exp((r - sigma**2/2)*T + sigma*np.sqrt(T)*z)
pay = np.exp(-r*T) * np.maximum(ST - K, 0)
print(pay.mean(), pay.std(ddof=1)/np.sqrt(n))
print(np.percentile(pay, [50, 75, 95, 99]))
```

`z` मध्ये घंटेच्या आकाराच्या वितरणातून उचललेले दहा हजार यादृच्छिक आकडे येतात; प्रत्येक आकडा म्हणजे एका महिन्याचं नशीब. पुढची ओळ त्या नशिबाचं महिन्याअखेरच्या निफ्टीत रूपांतर करते. त्यानंतरची ओळ मिळकत काढते आणि व्याजाने मागे आणून तिची आजची किंमत ठरवते.

कार्यक्रम चालवला की सरासरी २३० रुपयांच्या आसपास येते. पण मला या कार्यक्रमाची शेवटची ओळ पहिल्या उत्तराइतकीच मोलाची वाटते, कारण ती सरासरीमागचा ढीग दाखवते. त्या ढिगात २३० रुपये देणारा महिना शोधावाच लागतो. शंभरातल्या ६५-६६ महिन्यांत कॉल शून्यावर संपतो, म्हणून मधला आकडा शून्य छापला जातो. आठेक महिन्यांत काही तरी मिळतं, पण दिलेल्या प्रीमियमपेक्षा कमी. उरलेल्या सव्वीसेक महिन्यांत घेणारा फायद्यात असतो. त्यातल्या सर्वांत वरच्या पाच महिन्यांत मिळकत साडेबाराशेच्या वर जाते आणि शंभरातल्या एखाद्या महिन्यात १,९६० च्याही पुढे. सरासरीला २३० पर्यंत उचलून धरतात ते हेच थोडे महिने. ऑप्शन विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं होतं: तीनातल्या दोन महिन्यांत पूर्ण प्रीमियम खिशात, आणि एखाद्या महिन्यात आठ-नऊ प्रीमियम एकदम बाहेर.

कार्यक्रम पुन्हा चालवला तर आकडा बदलतो; २२६ येईल, २३५ येईल. हा दोष नाही, पण हे हलणं किती याचं माप उत्तराबरोबर छापलंच पाहिजे. पहिल्या `print` मधला दुसरा आकडा तेच सांगतो. आपल्या मिळकतींचं प्रमाण विचलन सुमारे ४५० रुपये आहे. त्याला महिन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणून चूक साडेचार रुपये. खरं उत्तर बहुधा आपल्या सरासरीच्या नऊ रुपये अलीकडे-पलीकडे असतं. दहा लाख महिने चालवले की चूक पंचेचाळीस पैशांवर येते. शंभरपट काम केलं तेव्हा दहापट अचूकता आली. वर्गमुळाची ही किंमत चुकत नाही. म्हणूनच बॉयल यांनी पहिल्याच लेखात काम वाचवण्याच्या युक्त्याही दिल्या होत्या. त्यातली सोपी अशी: प्रत्येक `z` बरोबर त्याचा उलट, म्हणजे उणे `z`, हाही वापरायचा, म्हणजे एका बाजूला झुकलेलं नशीब दुसऱ्या बाजूने तोललं जातं.

आपल्या साध्या कॉलला खरं तर १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र आहे आणि ते थेट २३० रुपये सांगतं. तरीही आधी याच ऑप्शनवर कार्यक्रम चालवून पाहावा, कारण इथे चूक पकडता येते. सगळ्यांत सहज होणारी चूक म्हणजे `- sigma**2/2` हा तुकडा विसरणं. घातांकामुळे वरच्या उड्या खालच्या उड्यांपेक्षा मोठ्या होतात आणि सरासरी नकळत फुगते. तो तुकडा ही फूग काढतो. तो गळला तर कॉलची किंमत २३० ऐवजी २३७ येते. दहा हजार महिन्यांत सात रुपयांचा हा फरक साडेचार रुपयांच्या थरथरीत लपून जातो आणि कुणालाच शंका येत नाही. दहा लाख महिन्यांत मात्र तो उघडा पडतो. सूत्र हाताशी नसेल तरी एक तपासणी नेहमी करता येते. `ST` ची सरासरी व्याजाने मागे आणा. ती २४,००० यायला हवी. तुकडा गळला असेल तर ती २४,०१९ येते.

आता वाचकाला खटकलेलीच गोष्ट घेऊ. निफ्टी व्याजाच्या वेगाने वाढेल असं कुणी सांगितलं? कुणीच नाही. तेजीवाला बारा टक्के म्हणेल, मंदीवाला उणे. तरीही किंमत काढताना व्याजदरच घ्यावा लागतो, कारण कॉल विकणारा स्वतःला सावरू शकतो. एक कॉल विकला की तो सुमारे ०.३६ युनिट निफ्टी विकत घेतो आणि बाजार हलेल तसं ते प्रमाण रोज बदलत राहतो. बाजार कुठेही गेला तरी एका हातातलं नुकसान दुसऱ्या हातातल्या फायद्याने बरंचसं फिटतं. दिशेबद्दलचं त्याचं मत त्यामुळे हिशेबातून गळतं आणि उरतो तो पैशावरच्या व्याजाचा खर्च.

याचा एक परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वरचा ढीग हा किंमत काढण्यासाठी रचलेल्या जगातला ढीग आहे, भविष्याचा अंदाज नाही. त्या जगात कॉल शंभरात ३४ वेळा काही तरी देतो. पण निफ्टी वर्षाला १२ टक्क्यांनी वाढेल असं खरोखर वाटत असेल, तर तोच कार्यक्रम `r` च्या जागी ०.१२ ने भाव पुढे नेऊन पुन्हा चालवावा लागतो, आणि मग ३४ चे ३९ होतात. ‘किंमत किती?’ आणि ‘मला पैसे मिळण्याची शक्यता किती?’ हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांना दोन वेगळे ढीग लागतात. पहिल्या ढिगावरून दुसऱ्याचं उत्तर वाचणं ही चूक कार्यक्रमात कुठेच दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

सूत्र असताना हा खटाटोप कामाला येतो तो करार जरा वाकडा झाला की. समजा मिळकत शेवटच्या दिवसाच्या भावावर नाही, तर तीसही दिवसांच्या बंद भावांच्या सरासरीवर ठरली. अशा आशियाई ऑप्शनला नेमकं सुटसुटीत सूत्र नाही. मॉन्टे कार्लोत मात्र एका उडीऐवजी तीस छोट्या उड्या घ्यायच्या, वाटेतले भाव साठवायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिच्यातून २४,५०० वजा करायचे. सरासरी कमी हलते, म्हणून अशा कॉलची किंमत आपल्या कॉलच्या साधारण एक तृतीयांशच भरते.

हे सगळं बरोबर केलं, दहा लाख महिने चालवले आणि चूक पंचेचाळीस पैशांवर आणली, तरी ती चूक फक्त मोजणीची असते. व्होलॅटिलिटी १४ ऐवजी १५ टक्के धरली तर कॉल सुमारे २६ रुपयांनी महाग होतो. १४ हा आकडा मागच्या भावांवरून काढला की बाजारातल्या इतर ऑप्शनच्या प्रीमियमवरून, यावरच एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून मी कार्यक्रम नेहमी १२, १४ आणि १६ अशा तिन्ही आकड्यांवर चालवते आणि तिन्ही किमती शेजारी लिहून ठेवते.

शिवाय घंटेच्या आकारातून उचललेल्या नशिबात मोठे धक्के जवळजवळ नसतातच. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेचे निकाल येत असताना, निफ्टी एका दिवसात सुमारे ५.९ टक्क्यांनी पडला. वार्षिक १४ टक्के म्हणजे दिवसाला ०.९ टक्क्यांहून थोडं कमी. त्या मापाने वरच्या कार्यक्रमाने कोट्यवधी दिवस खेळवले तरी असा दिवस त्यात येणार नाही. निकालाआधी बाजारातल्या ऑप्शनच्या प्रीमियममध्ये ही भीती आधीच भरलेली होती, कारण विकणाऱ्यांना तारीख माहीत होती. `sigma` ला तारीख माहीत नसते. महिन्यात असा दिवस येणार असेल तर त्या दिवसाची उडी वेगळी, जास्त रुंद वितरणातून घ्यावी लागते, आणि तिची रुंदी ठरवायला कार्यक्रम मदत करत नाही.