विश्लेषण : जाहिरातीखालच्या संतप्त कमेंट पुसाव्यात की त्यांना उत्तर द्यावे?

आंब्याच्या हंगामात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ‘थेट बागेतून घरपोच हापूस’ अशा जाहिरातींची रांग लागते. जाहिरातीखाली कमेंटही येतात. कुणी भाव विचारतो, कुणी ‘हा कर्नाटकचा आंबा आहे’ असे लिहितो, कुणी ‘पेटीतले चार आंबे साका निघाले, फोन उचलत नाहीत’ अशी तक्रार करतो. मधेच भलत्याच कुणाचा तरी व्हॉट्सॲप क्रमांक झळकतो. पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातीखाली हे सारे वाचले जात असताना विक्रेत्याने काय करावे?

एका कमेंटने जाहिरात महाग कशी होते?

मेटा कंपनीच्या लिलावात केवळ जास्त पैसे देणारा जिंकत नाही. जाहिरातदाराची बोली, समोरची व्यक्ती अपेक्षित कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा या तिन्हींचा मेळ घातला जातो. दर्जा ठरवताना किती जणांनी ती जाहिरात लपवली, हेही पाहिले जाते. म्हणजे रागावलेली कमेंट दोन वाटांनी नुकसान करते. ती वाचून काही जण खरेदी टाळतात, तर काही जण जाहिरातच लपवतात.

समजा, एका बागायतदाराने जाहिरातीवर सहा हजार रुपये खर्च केले आणि २० पेट्यांची मागणी आली. एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च ३०० रुपये झाला. पुढच्या आठवड्यात साक्याची तक्रार सर्वांत वर राहिली, तिला उत्तर दिले गेले नाही आणि तेवढ्याच खर्चात १२ पेट्या गेल्या. आता हाच खर्च ५०० रुपयांवर पोहोचला.

दोष कमेंटचाच, हे कसे ओळखावे?

विक्री घटली की कमेंटवर खापर फोडणे सोपे असते. आधी ‘ॲड्स मॅनेजर’मध्ये तारखेनुसार आकडे पाहावेत. क्लिक पूर्वीइतकेच आहेत, पण ती कमेंट आल्याच्या दिवसापासून मागणी घटली, तर संशयाला जागा आहे. मात्र ‘फ्रीक्वेन्सी’, म्हणजे एकाच व्यक्तीला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा वाढत असेल आणि क्लिकही कमी होत असतील, तर लोक त्याच त्या जाहिरातीला कंटाळले आहेत. अशा वेळी कमेंट साफ करून काही हाती लागत नाही.

जाहिरात बंद करून नवी टाकावी का?

घाबरून अनेक जण हेच करतात आणि ते बहुतेकदा महागात पडते. जाहिरातीला सुरुवातीला ‘लर्निंग फेज’मधून जावे लागते. शेवटच्या मोठ्या बदलानंतर आठवडाभरात साधारण ५० अपेक्षित कृती मिळाल्या, की ती स्थिरावते. नवी जाहिरात म्हणजे ही शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. जुन्या जाहिरातीखालचे ‘आंबे छान होते’ हे अभिप्रायही मागे राहतात. चालू जाहिरातीचा मजकूर किंवा चित्र बदलले तरी शिकवणी नव्याने सुरू होते. कमेंटला उत्तर दिल्याने किंवा ती लपवल्याने मात्र तसे होत नाही.

कोणती कमेंट लपवावी, कोणती ठेवावी?

फेसबुकवर कमेंट लपवली, की ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, इतरांना दिसत नाही. शिवीगाळ आणि असंबद्ध जाहिरातबाजी यांसाठी हा उपाय चांगला आहे, कारण लिहिणाऱ्याला ते चटकन कळत नाही आणि तो नव्याने लिहीत बसत नाही.

खऱ्या ग्राहकाची तक्रार लपवणे मात्र अंगाशी येते. त्याच्या मित्रांना ती अनुत्तरितच दिसते. लपवल्याचे कळले, तर तो स्क्रीनशॉट घेऊन इतर गटांत फिरवतो. शिवाय मेटा खरेदीदारांकडून थेट अभिप्रायही घेते. कमेंट दडवली तरी तिथला असमाधानी ग्राहक दडत नाही.

थेट पुसून टाकण्याजोगा प्रकार वेगळा आहे. ‘माझ्याकडे पेटी स्वस्त, या क्रमांकावर पैसे पाठवा’ असे कुणी तुमच्या जाहिरातीखाली लिहितो. कधी तुमचेच नाव आणि फोटो लावलेले खोटे खाते ग्राहकाला ‘ॲडव्हान्स भरा’ असे उत्तर देते. इथे ग्राहकाचे पैसे जातात आणि बोल तुम्हाला लागतो. स्क्रीनशॉट ठेवून कमेंट काढावी, खात्याची तक्रार करून त्याला ब्लॉक करावे आणि आपला खरा क्रमांक कमेंटमध्ये स्पष्ट लिहावा. कुणाचे पैसे गेले असतील, तर त्याला लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगावे. ‘तुमचे पेज बंद होणार आहे, या लिंकवर जा’ ही कमेंट तर विक्रेत्याचाच पासवर्ड चोरण्यासाठी असते. ती उघडूच नये.

खऱ्या तक्रारीला काय उत्तर द्यावे?

साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. त्यामुळे ‘आमच्या आंब्यात साका नसतोच’ हे उत्तर जाणकार ग्राहकाला खोटे वाटते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘ताई, साका बाहेरून ओळखता येत नाही, तरी नुकसान तुमचे झाले आहे. कापलेल्या फळांचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे आज परत करतो. मेसेज केला आहे.’ यात कारण, भरपाई आणि मुदत तिन्ही आले. हे उत्तर त्या ताईंइतकेच, पुढे ती कमेंट वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठी असते.

पत्ता किंवा फोन क्रमांक उघड्यावर मागू नये. कमेंट आल्यापासून सात दिवसांत पेजवरून त्या व्यक्तीला एक खासगी मेसेज पाठवता येतो. पैसे परत केल्यावर त्याच कमेंटखाली तसे नोंदवावे. वाद मात्र वाढवू नये. उलटसुलट उत्तरे जमली, की ती कमेंट आणखी ठळक होते.

‘कर्नाटकचा आंबा’ या आरोपाला पुरावा हेच उत्तर. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याखाली नोंदणी असेल, तर प्रमाणपत्राचा फोटो द्यावा. नसेल, तर बागेचे गाव सांगावे, मानांकनाचा दावा करू नये.

शब्दांची चाळणी किती कामाची?

पेजच्या सेटिंगमध्ये ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवता येतात. त्यात शिव्या आणि ‘लोन’, ‘क्रिप्टो’, ‘घरबसल्या कमाई’ असे शब्द घालावेत. आपल्याकडे लोक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहितात, म्हणून प्रत्येक शब्द दोन्हींत हवा. ‘फसवणूक’, ‘खराब’, ‘रिफंड’ हे शब्द मात्र घालू नयेत, नाहीतर खऱ्या तक्रारी तुमच्या नजरेआड होतील. लपलेल्या कमेंटही दिवसातून एकदा चाळाव्यात.

आणखी एक अडचण म्हणजे जाहिरातीसाठीच बनवलेली पोस्ट पेजवर दिसत नाही. त्यामुळे पेज पाहून ‘कमेंट नाहीत’ असे वाटते. ‘मेटा बिझनेस सूट’च्या इनबॉक्समध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडच्या कमेंट सकाळ-संध्याकाळ पाहाव्यात.

जाहिरात थांबवावीच लागते ती केव्हा?

एकाच दिवशी निघालेल्या मालाबद्दल तीन-चार वेगवेगळे ग्राहक सारखीच तक्रार करू लागले, तर तो प्रश्न कमेंटचा नसून मालाचा आहे. अशा वेळी जाहिरातीवरचा प्रत्येक रुपया नवा नाराज ग्राहक आणतो. जाहिरात थांबवावी, त्या दिवशीच्या सर्व ग्राहकांना स्वतःहून फोन करावा आणि उरलेला माल तपासावा. सात दिवसांच्या आत जाहिरात पुन्हा सुरू केली, तर तिची शिकवणी वाया जात नाही.