विसार कसा मागावा
मुक्त कामाचा हिशेब : लेखांक ७

गेल्या आठवड्यात दर ठरवला. आता त्यातला काही भाग कामाआधी मागायचा आहे, आणि नेमकी इथंच अनेकांची जीभ अडखळते.

समजा, जोयडा तालुक्यात गणेशगुडीजवळच्या एका होमस्टेला फोटो आणि मराठी माहितीपुस्तिका हवी आहे. तुम्ही बेळगावात राहता आणि मालकाशी ओळख फोनपुरतीच आहे. काम सात दिवसांचं : दोन दिवस फोटो, तीन दिवस मजकूर-मांडणी, दोन दिवस दुरुस्त्या. रोजचे ३,००० धरून २१,००० आणि प्रवास-मुक्कामाचे ३,०००, असे एकूण २४,००० रुपये.

'निम्मे आधी' म्हणण्याची पद्धत आहे, पण मी आकडा कामातूनच काढते. फोटो काढून घरी पोचेपर्यंत तुमची ६,००० ची मेहनत आणि खिशातले ३,००० गेलेले असतात. त्या खोल्यांचे फोटो दुसऱ्या कुणाला विकताही येत नाहीत. म्हणून विसार ९,०००. कच्ची पुस्तिका दाखवल्यावर ९,००० आणि छपाईची फाइल देण्याआधी उरलेले ६,०००. अशाने तीन दिवसांपेक्षा जास्त मेहनत कधीच अडकत नाही.

मालकाला हे कारण पटवायला फार बोलावं लागत नाही. शनिवारची खोली राखून ठेवायला तोही पाहुण्यांकडून ॲडव्हान्स घेतो, कारण पाहुणा आला नाही तर ती रात्र परत विकता येत नाही. तुमच्या दोन तारखांचंही तसंच आहे. मात्र धोका त्याच्याही बाजूला आहे, त्यामुळे पैसे परत कधी मिळतील हे आपणहून लिहायला हवं :

'नमस्कार. १४ आणि १५ नोव्हेंबर तुमच्यासाठी राखून ठेवते. त्यासाठी ९,००० रुपये आगाऊ लागतील. ते एकूण २४,००० मधून वजा होतील. ७ तारखेपर्यंत रक्कम जमा झाली की तारखा पक्क्या. ७ पर्यंत तुम्ही रद्द केलंत तर पूर्ण रक्कम परत, त्यानंतर निम्मी. मला येता आलं नाही तर पूर्ण परत.'

यात 'जमलं तर', 'राग मानू नका' असं काही नाही. अशा शब्दांनी समोरच्याला वाटतं, की ही रक्कम टाळता येईल.

'आधी काम दाखवा' असं उत्तर आलं, तर जुनं काम दाखवा. नवा नमुना फुकट करू नका. पावसाळ्यात काळी नदीवरचं राफ्टिंग बंद असतं, पाहुणे कमी होतात. तेव्हा मालक 'आत्ता हात तंग आहे' म्हणाला, तर ते बहुधा खरंच असतं. विसार सोडू नका, तारीख हंगामात ढकला. पण रक्कम आणि तारीख दोन्ही टाळून 'तुम्ही या तर खरं' एवढंच कुणी म्हणत राहिला, तर मी जात नाही.

'पैसे पाठवले' म्हणून स्क्रीनशॉट आला तरी आपल्या खात्यात रक्कम दिसते का ते पाहा, आणि ते बेळगाव सोडण्याआधीच. पुढं जंगलात कित्येक ठिकाणी फोनला रेंज नसते.