छायाचित्रणामुळे चित्रकला बदलली का?

7 जानेवारी 1839 रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फ्रान्स्वा आरागो यांनी लुई दागेर यांच्या शोधाची घोषणा केली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशच चित्र उमटवतो, हे ऐकून लोक थक्क झाले. चित्रकार पॉल दलारोश यांनी त्या वेळी ‘आजपासून चित्रकला संपली’ असे उद्गार काढल्याचे नेहमी सांगितले जाते. यातूनच एक लोकप्रिय मांडणी रूढ झाली: कॅमेरा हुबेहूब चित्र काढू लागला, तेव्हा चित्रकारांना हुबेहूबपणा सोडून नवे मार्ग शोधावे लागले आणि त्यातून दृक्प्रत्ययवादापासून अमूर्त कलेपर्यंतची आधुनिक चित्रकला जन्मली.

या मांडणीत तथ्य आहे ते मुख्यतः व्यवसायापुरते. हस्तिदंताच्या तुकड्यावर जलरंगात छोटी व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांचे गिऱ्हाईक कॅमेऱ्याने थोड्याच वर्षांत पळवले. 1854 मध्ये आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटी छायाचित्रे टिपण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गीयालाही स्वतःची छबी परवडू लागली. अनेक लघुचित्रकार स्वतःच छायाचित्रकार झाले किंवा छायाचित्रांवर हाताने रंग भरण्याचे काम करू लागले. चेहऱ्याची नोंद ठेवणे ही आता चित्रकाराची मक्तेदारी राहिली नाही.

पण व्यवसाय गेला म्हणजे शैलीही बदलली, असे होत नाही. छायाचित्रण आल्यानंतरच्या अर्धशतकात बारकाव्यांनी भरलेल्या चित्रांना युरोपात मोठी मागणी होती. जाँ-लेओं जेरोम, विल्यम बुगरो आणि अर्नेस्ट मेसोनिए यांची गुळगुळीत, तपशीलवार चित्रे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनांत गाजत होती. यूजेन दलाक्रवा यांच्यासारख्या चित्रकारांनी तर छायाचित्रे समोर ठेवून मानवी शरीराचा अभ्यास केला. खुद्द दलारोश यांच्या त्या उद्गाराला समकालीन पुरावा नाही. उलट 1839 मध्येच आरागो यांच्यासाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी हा शोध चित्रकारांच्या उपयोगाचा असल्याचे म्हटले होते.

कालक्रमही या मांडणीला अडचणीचा आहे. इंग्लंडमध्ये विल्यम टर्नर यांनी धुके, वाफ आणि प्रकाशात आकार विरघळवणे दागेर यांच्या घोषणेपूर्वीच सुरू केले होते. शिवाय त्या काळचे छायाचित्र रंगहीन होते. बाजारात सहज मिळणारी पहिली रंगीत छायाचित्र-काच, ल्युमिएर बंधूंची ‘ऑटोक्रोम’, 1907 मध्ये आली. तोवर दृक्प्रत्ययवाद जुना झाला होता. म्हणजे रंगाच्या बाबतीत कॅमेरा चित्रकाराचा प्रतिस्पर्धी नव्हताच.

क्लोद मोने यांच्या ‘बुलेव्हार दे काप्युसीन’ या 1873 च्या चित्रावरून हा प्रश्न नीट समजतो. उंच खिडकीतून दिसणारा रस्ता आणि त्यावरची गर्दी मोने यांनी झरझर मारलेल्या काळसर फटकाऱ्यांनी दाखवली आहे. तेव्हाच्या छायाचित्रांत चालणारी माणसे अशीच पुसट उमटत, म्हणून हा परिणाम कॅमेऱ्यातून आला असावा असे काही अभ्यासकांनी सुचवले. ही शक्यता नाकारता येत नाही. 1874 मध्ये हे चित्र ज्या प्रदर्शनात मांडले गेले, ते छायाचित्रकार नादार यांच्या त्याच रस्त्यावरील जुन्या स्टुडिओत भरले होते. पण चित्रातली थंडीची निळसर छाया कॅमेऱ्याने दिलेली नाही. उंचावरून पाहण्याची दृष्टी तेव्हा पॅरिसमध्ये लोकप्रिय झालेल्या जपानी ठशांतही आढळते. आणि उघड्यावर बसून भराभर रंगवणे सोपे झाले, त्यात 1841 मध्ये पेटंट मिळालेल्या रंगांच्या धातूच्या नळीचा वाटा मोठा होता. कॅमेरा हे या अनेक कारणांपैकी एक कारण ठरते.

मुंबईचा अनुभव तर उलटाच आहे. तेथे 1854 मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि 1857 मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पाश्चात्त्य पद्धतीचे वास्तवदर्शी चित्रण येथे छायाचित्रणाच्या बरोबरीनेच रुजले. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे चित्रकार विसाव्या शतकातही त्याच शैलीत नावाजले गेले. कॅमेरा आला की वास्तववाद ओसरतो, असा नियम असता तर हे घडले नसते.

म्हणून दावा मर्यादित करूनच मांडावा लागतो. छायाचित्रणाने चित्रकाराकडून एक काम काढून घेतले, त्याला अभ्यासाचे एक साधन दिले आणि हुबेहूबपणा हेच कलेचे मोजमाप मानण्याच्या सवयीला धक्का दिला. त्यानंतर चित्रकलेने कोणती दिशा घ्यावी, हे मात्र कॅमेऱ्याने ठरवले नाही. ते रंगांचे नवे ज्ञान, जपानी ठसे, अकादमीविरुद्धचे बंड आणि चित्रांचा बदलता बाजार यांच्या एकत्रित प्रभावातून ठरत गेले.