निम्म्या वजनाची वाफ

फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा पिवळट पांढरा घन पदार्थ. बाटलीचे बूच काढले की हवेतल्या दमटपणाशी त्याची लगेच गाठ पडते, हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो आणि नाक झोंबते. त्याच्या एका रेणूत फॉस्फरसचा एक आणि क्लोरीनचे पाच अणू, म्हणून रेणुवस्तुमान २०८ च्या आसपास. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान २९. तेव्हा या पदार्थाची वाफ केली, तर तेवढ्याच तापमानाच्या व दाबाच्या हवेपेक्षा ती सव्वासात पटींच्या थोडी आत, नेमके सांगायचे तर ७.२ पट जड भरायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत पॅरिसमध्ये ओग्युस्त काउर या रसायनशास्त्रज्ञाने ती मोजली, आणि ती भरेना. १८२ अंश सेल्सिअसला घनता आली ५.०८. २०० अंशांना ४.८५, २५० अंशांना ४.०० आणि ३०० अंशांना ३.६५. तापमान वाढवावे तसतशी वाफ हलकी होत गेली. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तापवल्यावर कोणताही वायू प्रसरण पावून विरळ होतो, पण ही तुलना त्याच तापमानाच्या हवेशी आहे, म्हणजे तो परिणाम आधीच वजा झालेला आहे. तरीही आकडा घसरतोच.

हे प्रकरण त्या काळी जड गेले, कारण ७.२ हा आकडा आव्होगाड्रोच्या म्हणण्यावर उभा होता: एकाच तापमानाला आणि दाबाला सर्व वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. वाफ अपेक्षेपेक्षा हलकी निघते म्हणजे एक तर आव्होगाड्रो चुकला, नाही तर बाटलीत जो पदार्थ होता तो वाफेत तसाच राहिलेला नाही. दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवणारी खूण आकड्यांतच होती. घसरण ३.६ च्या जवळ जाऊन मंदावते, आणि ३.६ म्हणजे ७.२ चे बरोबर निम्मे. एका रेणूचे दोन झाले तरच असे निम्मे येते:

PCl₅ ⇌ PCl₃ + Cl₂

पुरावेही मिळत गेले. १८६३ मध्ये वँकलिन आणि रॉबिन्सन यांनी ही वाफ विसरणाने पसरू दिली, तेव्हा हलका क्लोरीन पुढे आणि जड ट्रायक्लोराइड मागे असे ते वेगळे होऊ लागले. १८६६ मध्ये सँत-क्लेर देवीलला वाफेत क्लोरीनचा हिरवट रंग दिसला. गंमत अशी, की अशा तुटण्याला ‘डिसोसिएशन’ हे नाव देणारा देवील स्वतः आव्होगाड्रोच्या बाजूने मात्र कधी मनापासून उभा राहिला नाही.

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याला विचरण म्हणतात. बाष्पघनतेवरून विचरणाचे प्रमाण काढण्याची युक्ती इतकी सरळ आहे, की सूत्र पाठ करण्याची गरजच नाही. एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडे झाली की सामान तेवढेच राहते, पण जागा जास्त लागते. तसेच येथे होते. सुरुवातीला एक मोल पेंटाक्लोराइड घेतले आणि त्यातला α एवढा भाग तुटला असे समजू. मागे उरले १ − α, आणि नव्याने आले α ट्रायक्लोराइड व α क्लोरीन. एकूण मोल झाले १ + α. वजन बदललेले नाही, पण त्याच दाबाला आकारमान १ + α पट झाले, म्हणून घनता तेवढ्या पटीने उतरली. न तुटलेल्या वाफेची घनता D आणि मोजलेली घनता d धरली, तर

D ÷ d = १ + α

घनता हवेच्या तुलनेत घ्या नाही तर हायड्रोजनच्या, भागाकार तोच येतो. हायड्रोजनच्या मापाने D १०४ असते, एवढाच फरक.

आता d मोजायची कशी? सर्वच पद्धती येथे चालत नाहीत. पाऱ्यावर वाफ धरण्याची हॉफमनची पद्धत बाद, कारण सुटलेला क्लोरीन पाऱ्यालाच खातो. व्हिक्टर मायरच्या पद्धतीत वाफ गरम नळीतल्या हवेत शिरते आणि तिच्यात मिसळते. साध्या पदार्थाला याने काही बिघडत नाही, पण येथे वाफ पातळ झाली की आणखी रेणू तुटतात, आणि कोणत्या दाबाला किती तुटले हे सांगता येत नाही. उरतो ड्यूमाचा जुना काचेचा फुगा, ज्याला लांब, बारीक निमुळते तोंड असते.

समजा फुगा २५० मिलिलिटरचा आहे. कोरडा करून, आत साधी हवा असताना त्याचे वजन करायचे. मग आत थोडे पेंटाक्लोराइड टाकून फुगा २५० अंशांच्या पातळ्यात, म्हणजे स्थिर तापमान राखणाऱ्या द्रवात, बुडवायचा. तोंडाचे टोक तेवढे बाहेर. घनाची वाफ होते, ती हवेला ढकलून बाहेर काढते आणि टोकाशी धूर दिसत राहतो. धूर थांबला की आत फक्त वाफ, आणि तिचा दाब बाहेरच्या हवेएवढा, असे समजायचे. त्याच क्षणी ज्योतीने टोक वितळवून बंद करायचे आणि तापमान व वायुभारमापकाचा आकडा टिपायचा. फुगा निवल्यावर तुकडे परत जुळतात आणि काचेवर पांढरा थर बसतो. त्याने घाबरायचे कारण नाही. आपल्याला हवे आहे ते वजन, आणि ते बंद फुग्यात अडकलेले आहे.

निवलेला फुगा तराजूत घातला, तर पहिल्या वजनापेक्षा तो ०.३७८ ग्रॅम जास्त भरेल. पण पहिल्या वेळी आत हवा होती. २५ अंशांना २५० मिलिलिटर हवेचे वजन ०.२९६ ग्रॅम. ते मिळवले की वाफेचे खरे वजन ०.६७४ ग्रॅम येते. ही बेरीज विसरली की पुढचे सारे गणित वाया.

२५० अंश म्हणजे ५२३ केल्व्हिन. या तापमानाला आणि एक वातावरण दाबाला २५० मिलिलिटरमध्ये कोणत्याही वायूचे ०.००५८२ मोल मावतात. ०.६७४ ला त्याने भागले, की सरासरी रेणुवस्तुमान ११५.७ येते. असायला हवे होते २०८.२. भागाकार १.८०, म्हणून α = ०.८०. शंभरातले ऐंशी रेणू तुटलेले. काउरच्या ४.०० या आकड्यावरूनही नेमके हेच मिळते: ७.२० ÷ ४.०० = १.८०. (फुग्याचे वजन मी त्याच्या घनतेवरूनच मांडले आहे, हे सांगितलेले बरे.)

येथून समतोल स्थिरांक एका पावलावर आहे. एकूण मोल १ + α, एकूण दाब P. प्रत्येक घटकाचा आंशिक दाब त्याच्या मोलांच्या हिश्श्याने ठरतो. ट्रायक्लोराइड आणि क्लोरीन यांचा प्रत्येकी αP ÷ (१ + α), पेंटाक्लोराइडचा (१ − α)P ÷ (१ + α). पहिल्या दोघांचा गुणाकार करून तिसऱ्याने भागले, की उरते

Kp = α²P ÷ (१ − α²)

आपल्या फुग्यासाठी ०.६४ ÷ ०.३६, म्हणजे १.७८ वातावरण. २०० अंशांना α ०.४८५ होती, तेथे Kp ०.३१ येतो. पन्नास अंशांत स्थिरांक जवळजवळ सहापट झाला, म्हणजे रेणू तुटायला उष्णता लागते.

टक्केवारी आणि स्थिरांक यांतला फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ऐंशी टक्के हा २५० अंशांचा गुणधर्म नव्हे, तो २५० अंश आणि एक वातावरण या जोडीचा आहे. तापमान तेच ठेवून दाब अर्ध्या वातावरणावर आणला, तर Kp १.७८ च राहतो, पण तुटलेले रेणू ८८ टक्के होतात. दाब दोन वातावरण केला तर ६९ टक्के. स्थिरांक खरोखर स्थिर आहे की नाही, हे असे दाब बदलून तपासता येते.

याहून नामी तपासणी वुर्त्झने १८७३ मध्ये केली. त्याने पेंटाक्लोराइडची वाफ ट्रायक्लोराइडच्या भरपूर वाफेत तयार केली. तुटून जे निघायचे तेच आधीपासून हजर असल्यावर तुटणे मागे सरते, आणि खरोखरच पेंटाक्लोराइडची घनता ७.२ च्या आसपास आली. आव्होगाड्रोवरचा आक्षेप यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही.

आता पद्धतीच्या खोडी. फुगा ओला असेल तर पाण्याशी पेंटाक्लोराइडची अभिक्रिया होऊन फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइड बनतात. एका रेणूचे तीन होतात, वाफ हलकी दिसते आणि α फुगते. आत हवा उरली तरी तसेच. घनता ३.६ च्या खाली गेली, म्हणजे α एकाच्या वर, तर काही तरी बिघडले हे नक्की, कारण शंभरातले एकशे दोन रेणू तुटू शकत नाहीत. उलट टोक घाईने बंद केले आणि घनाचा कण न उडता राहिला, तर वजन जास्त आणि α कमी. ही चूक अधिक फसवी, कारण आकडा संशयास्पद दिसत नाही. उपाय एकच: वेगवेगळ्या वजनाचे घन घेऊन प्रयोग पुन्हा करायचा आणि शेवटचे वजन तेच येते का ते पाहायचे.

सर्वात मोठी मर्यादा मात्र सूत्रातच आहे. भागाकाराच्या खाली १ − α² आहे. Α एकाजवळ गेली की तो शून्याकडे झुकतो. २५० अंशांना घनतेत एक टक्का चूक झाली, ४.०० ऐवजी ४.०४ वाचले, तर Kp १.७८ ऐवजी १.५८ येतो. हे चालण्यासारखे आहे. ३०० अंशांना तीच एक टक्का चूक, ३.६५ ऐवजी ३.६९, Kp ला साडेसतरावरून साडेनऊवर आणते. काउरचे पुढचे आकडेही हेच सांगतात: ३२७ आणि ३३६ अंशांनाही घनता ३.६५ च्या आसपासच रेंगाळते, खाली जात नाही. तेथे फरकापेक्षा मोजमापाची चूकच मोठी. म्हणून हा प्रयोग २०० ते २५० अंशांच्या दरम्यान करावा. ३०० अंशांच्या वरचा स्थिरांक कोणी बाष्पघनतेवरून काढून तीन अंकांपर्यंत लिहून दिला, तर पहिल्या अंकावरही भरवसा ठेवू नका.