घर बसले म्हणून भिंत तडकत नाही, एक कोपरा जास्त बसला म्हणून तडकते

केदारखेड्यात उन्हाळ्यात कोणत्याही आळीत फिरा, दोन-चार घरांच्या भिंतींवर तिरप्या भेगा दिसतीलच. घरमालकाला विचारले तर उत्तर ठरलेले: "काय सांगू सर, पाया खचला." मिस्त्री म्हणतो सिमेंट कमी पडले, शेजारी म्हणतो विटा कच्च्या होत्या. सिमेंट आणि विटांचा दोष असतोही कधी कधी. पण भेग तिरपी असेल, खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून वर चढत असेल, तर बहुतेक वेळा कारण जमिनीत असते. आणि तेही "पाया खचला" एवढ्या दोन शब्दांत मावणारे नसते.

कारण पाया प्रत्येक घराचा थोडाफार बसतोच. माती म्हणजे कण, पाणी आणि हवा. वर घराचे ओझे आले की कण जवळ येतात, मधले पाणी आणि हवा बाहेर पडते, जमीन दबते. अख्खे घर सगळीकडे सारखे 40 मिलिमीटर खाली गेले, तर भिंतीला त्याची खबरही लागत नाही. दाराची पायरी थोडी खाली आलेली दिसेल, बाहेरून आत येणारा पाण्याचा पाइप ओढला जाईल, सांडपाण्याचा उतार बिघडेल. भिंत मात्र शाबूत. मेक्सिको शहरातील 'पालासियो दे बेयास आर्तेस' ही प्रचंड संगमरवरी नाट्यगृहाची इमारत मऊ मातीत काही मीटर खाली गेली आहे, तरीही तिथे आजही कार्यक्रम होतात. उलट आपल्याकडे दोन खोल्यांचे घर, एक कोपरा जेमतेम 12 मिलिमीटर खाली जातो आणि भिंतीत बोट जाईल अशी भेग पडते. असे का?

यासाठी भिंतीचा कर्ण मोजू या. आठवी-नववीचे गणित आहे, घाबरायचे कारण नाही. 3 मीटर लांब आणि 3 मीटर उंच भिंतीचा चौकोन घ्या. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण साधारण 4 मीटर 24 सेंटिमीटर भरतो. दोन्ही बाजू 40 मिलिमीटर खाली गेल्या तर कर्ण तेवढाच राहतो, कारण चौकोनाचा आकार बदलला नाही, फक्त जागा बदलली. आता डावी बाजू जागेवर ठेवा आणि उजवी बाजू 12 मिलिमीटर खाली घ्या. चौकोन तिरका झाला आणि तोच कर्ण सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांबला. विटांची भिंत दाब भरपूर सोसते, ताण अगदी थोडा. एका मीटरला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर ताणली की डोळ्यांना दिसेल अशी भेग पडते. म्हणजे आपल्या कर्णाला दोन ते चार मिलिमीटरची मुभा आहे आणि मागणी साडेआठची. उरलेली लांबी कुठून यायची? ती फटीतून येते.

भेग तिरपी का, हेही यातच आहे. ताण ज्या दिशेला, भेग त्याला आडवी. उजवी बाजू खाली गेली तर भेग खालून डावीकडून निघते आणि वर उजवीकडे चढते. म्हणून भेग ज्या बाजूला वर चढते, ती बाजू बसली आहे असा पहिला अंदाज बांधता येतो. भिंतीत खिडकी असेल तर भेग तिच्या कोपऱ्यापासून सुरू होते, कारण तिथे भिंत आधीच कापलेली असते.

आता मर्यादेचा प्रश्न. किती फरक चालतो? भारतीय मानक 'आयएस 1904' (1986 ची आवृत्ती) यात यासाठी तक्ता दिला आहे. विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या घरासाठी एकूण बसणे 60 मिलिमीटरपर्यंत मान्य आहे. पण भिंतीच्या एका भागाचा आणि दुसऱ्या भागाचा फरक? लांबी उंचीच्या दुप्पट असेल तर 5000 ला 1, सातपट असेल तर 2500 ला 1. आपल्याकडची 9 मीटर लांब, 3 मीटर उंच भिंत घेतली तर हा फरक जेमतेम 2 मिलिमीटर येतो. एकाच तक्त्यात एकीकडे 60 आणि दुसरीकडे 2! कॉलम-बीमवर उभ्या बहुमजली इमारतीत, जिथे विटांची भिंत फक्त मधली जागा भरते, तिथे 500 ला 1 चालते. 3 मीटरवरच्या दोन कॉलममध्ये 6 मिलिमीटर. हे आकडे मार्गदर्शनासाठी आहेत, इंजिनिअरने जागा पाहून ठरवायचे, असे मानकातच म्हटले आहे.

500 चा आकडा हवेतून आलेला नाही. स्केम्पटन आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी 1956 मध्ये 98 इमारतींच्या नोंदी तपासल्या. फरक भागिले अंतर हे 300 ला 1 च्या पुढे गेले की भिंतींना तडे, 150 ला 1 च्या पुढे गेले की कॉलम-बीमलाही इजा, असे त्यांना आढळले. त्यावर थोडी सुरक्षितता ठेवून 500 सुचवले गेले.

मग एकूण बसण्याला तरी मर्यादा का? कारण जमीन कुठेही तंतोतंत सारखी नसते. जास्त बसणाऱ्या घरात फरकही जास्त पडतो. टर्झाघी आणि पेक यांनी वाळूवरच्या पायांसाठी अंदाज दिला होता की सगळ्यात जास्त 25 मिलिमीटर बसू दिले, तर दोन पायांतला फरक त्याच्या पाऊणपटीच्या आत राहतो. म्हणजे एकूण आकड्याला लगाम घालायचा तो फरक आवरण्यासाठी.

आता एक हिशोब नीट करू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण असे घर गावात शोधायला लांब जावे लागणार नाही. मागची भिंत 9 मीटर. जोत्यावर दर 3 मीटरला एक खूण, अशा चार खुणा. सप्टेंबरात जोत्याची पातळी मोजली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजली. कोण किती खाली गेले: 0, 1, 2 आणि शेवटचा कोपरा 14 मिलिमीटर. कुणी फक्त दोन टोके पाहील आणि म्हणेल, 9 मीटरला 14 म्हणजे 643 ला 1, कॉलमवाल्या घराची 500 ची मर्यादा ओलांडलीच नाही. पण पहिले 6 मीटर जवळपास स्वस्थ आहेत. सगळा फरक शेवटच्या 3 मीटरमध्ये साठला आहे: 3000 ला 12, म्हणजे 250 ला 1. भेग तिथेच पडणार. टोक ते टोक सरासरी काढली की रोग लपतो.

याच्या उलटही होते. चार खुणा 0, 5, 10, 15 अशा निघाल्या तर टोकाचा फरक आधीपेक्षा जास्त, पण भिंत सरळ रेषेत कललेली आहे. अख्खे घर असे एकसंध कलले तर चौकोनाचे कोपरे काटकोनीच राहतात आणि भेग पडत नाही. फरशीवर गोटी घरंगळेल, दार आपोआप उघडेल, ते वेगळे. म्हणून इंजिनिअर मोजमापातून आधी हा सारखा कल वजा करतात आणि उरेल त्यावर तड्याचा विचार करतात.

ही पातळी मोजायला महाग यंत्र लागत नाही. मिस्त्रीची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि भिंतीवरच्या खुणा पक्क्या करा. एक गोष्ट लक्षात ठेवा, जोते बांधतानाच दोन-चार मिलिमीटर वरखाली झालेले असते, त्यामुळे एकदा मोजून काही कळत नाही. दोन ऋतूंतल्या मोजमापांची वजाबाकी हवी. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने रेघ आणि तारीख लिहिणे हा त्याहून सोपा उपाय.

आणि ऋतू इथे फार महत्त्वाचे आहेत. भोकरदन तालुक्यात, पूर्णेच्या काठाला, काळी माती भरपूर. ती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. घराखालची माती छपरामुळे सावलीत, बऱ्यापैकी ओलसर राहते. कडेची माती मे महिन्यात वाळते आणि बसते. मधला भाग जागेवर, कोपरे खाली. अशा भेगा वर रुंद आणि खाली बारीक असतात, मे महिन्यात उघडतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मिटू लागतात. एका कोपऱ्याला न्हाणीचे पाणी मुरत असेल, दुसऱ्या कोपऱ्याला मोठे झाड मुळांनी ओल शोषत असेल, तर एकच भिंत एकीकडे उचलली जाते आणि दुसरीकडे बसते. उन्हाळ्यात उघडलेल्या भेगेत कडक सिमेंट भरणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. पावसाळ्यात भेग मिटायला जागाच उरत नाही आणि भिंत बाजूला नवी फुटते.

जुन्या पिढीला हे शब्दांतूनच ठाऊक होते. काळी ती शेताची, पांढरी ती वस्तीची. गावठाण पांढऱ्या मातीवर, भिंतीही मातीच्या गिलाव्यात, थोडे हलले तरी सोसणाऱ्या. आता पांढरीवर जागा उरली नाही, प्लॉट काळीत पडले आणि भिंती सिमेंटच्या, म्हणजे कडक. काही प्लॉटमध्ये तर अर्धा भाग मुरमावर आणि अर्धा भरावावर असतो. फरक पडायची सोय आपण आधीच करून ठेवतो.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते जुन्या घराला नवी खोली जोडताना. जुने घर वीस वर्षांत बसून मोकळे झाले आहे, नवे आता बसायला सुरुवात करणार. मिस्त्री मजबुतीसाठी नव्या भिंतीच्या विटा जुनीत गुंफतो आणि नेमके तेच नडते. नव्याला खाली जायचे असते, जुने सोडत नाही, सांध्यापाशी तडा. त्यापेक्षा दोन्ही भिंती वेगळ्या ठेवा, मध्ये 20 ते 25 मिलिमीटरची सरळ फट, त्यात थर्माकोल किंवा डांबरी फळी, वरून एकाच बाजूला खिळलेली पट्टी. नव्या खोलीला स्वतःचा पाया आणि पाण्याच्या पाइपला तिथे लवचिक जोड.

नव्याने बांधणाऱ्यांनी चर खोदताना चारही कोपरे बघावेत. एका कोपऱ्यात कठीण मुरूम लागला म्हणून तिथे थांबायचे आणि दुसरा कोपरा काळीतच ठेवायचा, हे करू नये. काळी थोडी असेल तर सगळीकडे काढून मुरमापर्यंत जावे. फार खोल असेल तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, हा रुरकीच्या सीबीआरआय संस्थेने रुजवलेला मार्ग आहे. हे पाइल साधारण साडेतीन मीटर खाली जातात, कारण ऋतूप्रमाणे ओल बदलण्याचा पट्टा बहुधा तिथपर्यंत असतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून घालायची पद्धत दाखवली होती, तीही इंजिनिअरला विचारण्यासारखी आहे. साध्या घराला निदान प्लिंथ बीम सगळीकडे सलग फिरवावा आणि घराभोवती एक ते दीड मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. न्हाणीचे पाणी तिच्या पलीकडे गटारात सोडावे, भिंतीच्या बुडाशी नाही.

भेग आधीच पडलेली असेल तर या सप्टेंबरात नळी लावा, मे महिन्यात पुन्हा लावा, आणि चारही खुणांचे आकडे लिहिलेला कागद घेऊनच इंजिनिअरकडे जा.