दहा वर्षांनंतरच्या लेथचा हप्ता

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना ‘सिंकिंग फंड’ हे शब्द मेंटेनन्सच्या बिलावर भेटतात. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार जमिनीची किंमत वगळून बांधकामाच्या खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दर वर्षी या निधीत जमा करायची असते. इमारत कधीतरी मोठी डागडुजी मागणार, तेव्हा सभासदांवर एकदम लाखांचा बोजा पडू नये, हा त्यामागचा हेतू. कारखान्यातल्या यंत्राचंही तसंच असतं. ते कधी ना कधी बदलावं लागणार, हे विकत घेतानाच ठाऊक असतं. तरीही छोट्या वर्कशॉपांत त्यासाठी वेगळा निधी क्वचितच दिसतो. “घसारा धरतोय की दर वर्षी,” असं मालक सांगतो आणि विषय तिथेच संपतो.

गडबड नेमकी इथेच आहे. वीस लाखांच्या यंत्रावर सीए दर वर्षी घसारा दाखवतो, त्यामुळे कागदावरचा नफा कमी होतो आणि आयकरही कमी बसतो. पण घसारा ही फक्त वहीतली नोंद असते. त्या नोंदीमुळे बँकेत एक रुपयाही वेगळा पडत नाही. धंद्यात आलेली रोकड कच्च्या मालात, उधारीत आणि घरखर्चात मिसळून जाते. दहा वर्षांनी ताळेबंदावर यंत्राची किंमत उतरलेली दिसते आणि नवं यंत्र घ्यायला खातं रिकामं असतं. सिंकिंग फंड या नोंदीच्या जोडीला खरी रोकड उभी करतो. जुन्या हिशेबपद्धतीत याला घसारा निधी पद्धत म्हणतात. जितकी रक्कम निधीच्या नावे लिहायची, तितकीच त्याच दिवशी धंद्याबाहेर गुंतवायची.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क करणारी बरीच छोटी युनिट आहेत. अशाच एका युनिटने वीस लाखांचा सीएनसी लेथ घेतला, असं समजू. दोन पाळ्यांत चालवल्यावर तो दहा वर्षं नीट माप देईल आणि त्यानंतर चार लाखांना विकला जाईल, असा मालकाचा अंदाज आहे.

पहिला प्रश्न, किती जमवायचे? सहज सुचणारं उत्तर सोळा लाख, म्हणजे वीसातून चार वजा. ते चुकीचं आहे, कारण दहा वर्षांनी तोच लेथ वीस लाखांत मिळणार नाही. किमती दर वर्षी सरासरी चार टक्क्यांनी वाढतील असं धरलं, तर त्याची किंमत साधारण २९ लाख ६० हजार होते. जुन्याचे चार लाख वजा केले की उरतात २५ लाख ६० हजार. निधीचं लक्ष्य हे आहे. सोळा लाखांवर थांबणाऱ्या मालकाला ऐन वेळी साडेनऊ लाखांहून जास्त कमी पडतील.

दुसरा प्रश्न व्याजाचा. एफडीवर सात टक्के मिळतात असं धरू. मात्र ते व्याज करपात्र असतं, आणि निधीत टाकलेली रक्कम धंद्याचा खर्च म्हणून वजाही मिळत नाही. वजावट घसाऱ्याची मिळते, निधीची नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या मालकाच्या हाती कर आणि उपकर जाऊन साधारण साडेपाच टक्के उरतात. हिशेब याच दराने करायचा. सातने केला तर वर्षाचा हप्ता सुमारे १ लाख ८५ हजार दिसतो आणि शेवटी निधी तोकडा पडतो. साडेपाच टक्क्यांनी तो १ लाख ९८ हजार ८३० येतो. एक्सेलमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=PMT(5.5%,10,0,-2560000)
```

यात हप्ता वर्षाच्या शेवटी भरला जातो, असं गृहीत आहे. पहिल्या वर्षअखेरीस निधीत फक्त तो हप्ता असतो, व्याज शून्य. दुसऱ्या वर्षी त्यावर १० हजार ९३६ रुपये व्याज मिळतं आणि नव्या हप्त्यासह शिल्लक ४ लाख ८ हजार ५९६ होते. सुरुवातीला व्याज अगदीच किरकोळ वाटतं. नवव्या वर्षअखेरीस मात्र शिल्लक २२ लाख ३८ हजारांच्या घरात असते आणि दहाव्या वर्षी एकट्या व्याजाचे १ लाख २३ हजार येतात. सगळं मिळून मालकाने खिशातून घातलेले १९ लाख ८८ हजार आणि व्याजाने आणलेले सुमारे ५ लाख ७२ हजार. शेवटचा हप्ता गुंतवायची गरजच पडत नाही, तो थेट यंत्र विकणाऱ्याकडे जातो.

हा हप्ता डोक्यावरचं ओझं वाटू नये म्हणून तो कामाच्या तासांत वाटून पाहावा. वर्षाला लेथ चार हजार तास चालत असेल, तर तासाला पन्नास रुपये पडतात. जॉबवर्कचा दर ठरवताना वीज, कामगार, टूल आणि भाडं धरलं जातं, पण हे पन्नास रुपये बहुतेकदा राहून जातात. मग ‘स्वस्त’ दराने मिळवलेलं काम प्रत्यक्षात यंत्राची झीज फुकट वाटत असतं.

इथे कोणी विचारेल, लेथ कर्जावर घेतला असेल तर निधी पहिल्या दिवसापासून सुरू करायचा का? याचं उत्तर इंग्लंडने दोनशे वर्षांपूर्वी मोठी किंमत देऊन शोधलं. सरकारी कर्ज फेडण्यासाठी पंतप्रधान विल्यम पिट (धाकटा) याने १७८६ मध्ये सिंकिंग फंड उभारला आणि त्यात दर वर्षी दहा लाख पौंड टाकायचे ठरले. चक्रवाढीच्या जोरावर कर्ज आपोआप नाहीसं होईल, अशी आशा होती. पण फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सरकार नवी, जास्त महाग कर्जं काढत राहिलं. एकीकडे महाग कर्ज घ्यायचं, दुसरीकडे निधीत पैसे भरायचे, असा उलटा कारभार चालला. अबर्डीनचे प्राध्यापक रॉबर्ट हॅमिल्टन यांनी १८१३ मध्ये तो आकड्यांनी उघडा पाडला. उत्पन्नातून शिल्लक उरली तरच कर्ज घटतं. उसन्या पैशांनी निधी भरला, तर फक्त व्याजातला फरक अंगावर पडतो.

शिरोलीच्या लेथला हाच नियम लागू पडतो. धंद्याचं कर्ज अकरा टक्क्यांचं आणि एफडी सात टक्क्यांची असेल, तर दोन लाख एफडीत ठेवून २२ हजारांचं व्याज भरायचं आणि १४ हजार मिळवायचे, हा वर्षाला आठ हजारांचा तोटा आहे. मुदतीआधी फेडण्यावर दंड नसेल, तर तो पैसा आधी कर्जात गेलेला बरा.

कर्ज फिटल्यानंतर काय होतं, हे मात्र महत्त्वाचं. यंत्रावर १५ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज अकरा टक्क्यांनी घेतलं असेल, तर मासिक हप्ता साधारण ३२ हजार ६०० असतो. पुढच्या पाच वर्षांत २५ लाख ६० हजार जमवायचे, तर वर्षाला सुमारे ४ लाख ५९ हजार, म्हणजे महिन्याला ३८ हजार लागतात. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत. ज्याने बँकेला पाच वर्षं हप्ता भरला, त्याने तोच हप्ता थोडा वाढवून स्वतःच्या निधीत चालू ठेवला, तर दहाव्या वर्षी नव्या लेथसाठी कर्ज लागत नाही. बहुतेक ठिकाणी कर्ज फिटल्याच्या आनंदात त्या पैशाला दुसरी वाट फुटते.

निधी ठेवायचा कुठे, याचा निर्णय दरापेक्षा सुरक्षिततेवर व्हायला हवा. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पण ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच. मालकी हक्काच्या फर्मची आणि मालकाची स्वतःची ठेव यासाठी एकत्र मोजली जाते. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा अनेक व्यावसायिकांची खेळती रक्कमही अडकली होती. पंचवीस लाखांचा निधी त्यामुळे वेगवेगळ्या बँकांत विभागलेला चांगला. आणखी एक पथ्य पाळायचं, ते म्हणजे या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढायचा नाही. निधी तारण पडला की कागदावर शिल्लक दिसते, पण त्यावर पहिला हक्क बँकेचा असतो. निधी आतून पोकळ झाल्याची हीच ठळक खूण.

हप्ता एकदा ठरवला की दहा वर्षं बघायला नको, असंही नाही. दर वर्षी तशाच लेथचं ताजं कोटेशन मागवावं. कंट्रोलर, बेअरिंग यांसारखे भाग आयात होत असतील, तर रुपया घसरला की किंमत चार टक्क्यांच्या अंदाजापुढे जाते. समजा, चौथ्या वर्षअखेरीस अंदाज बदलला आणि दहाव्या वर्षी लेथ ३२ लाखांना पडेल असं दिसलं. जुन्याचे चार लाख वजा जाता लक्ष्य २८ लाख. तोपर्यंत निधीत ८ लाख ६३ हजार जमले आहेत, ते उरलेल्या सहा वर्षांत वाढून ११ लाख ९० हजार होतील. बाकी १६ लाख १० हजारांसाठी वार्षिक हप्ता २ लाख ३४ हजारांवर न्यावा लागतो, म्हणजे वर्षाला ३५ हजारांची भर. हीच तूट नवव्या वर्षी कळली, तर ती पूर्ण करायला एकच हप्ता उरलेला असतो.

यंत्राचं आयुष्यही असंच तपासावं लागतं. स्पिंडलचं बेअरिंग वारंवार बदलावं लागतंय, माप टॉलरन्समध्ये राहावं म्हणून ऑपरेटर सारखा ऑफसेट दुरुस्त करतोय, नापास माल वाढतोय, ही दहा वर्षांचा अंदाज आठवर आणण्याची कारणं आहेत. तसं झालं तर हप्ता त्याच वर्षी नव्याने काढायचा.

शेवटी खरेदीच्या दिवसाची एक गोष्ट. वरचे सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत, कारण नोंदणीकृत युनिटला यंत्रावर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. पण ते क्रेडिट नंतर, पुढच्या विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं. बिल चुकवताना २९ लाख ६० हजारांवर आणखी सुमारे ५ लाख ३३ हजार रोख द्यावे लागतात. ही रक्कम निधीत नसते. ती काही महिन्यांसाठी कुठून आणायची, हे खरेदीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेशी बोलून ठरवावं, म्हणजे ऐन वेळी कच्च्या मालाच्या पैशांना हात लावावा लागत नाही.